आजीचा इस्टो

गेल्या दिवाळीत गावचं घर आवरताना जुन्या पत्र्याच्या ट्रंकेत माझी एक वही सापडली. चौथी-पाचवीतली असावी. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'आजीचे अशुद्ध शब्द', आणि खाली ओळीनं इस्टो, इस्टेशन, गिलास, पिलेट, बिरेक, इस्कूल, टरंक, इस्टूल, परसाद, लगीन, इस्कुरू... असे तीसेक शब्द.

वही बघून आधी हसू आलं, मग आठवलं ते तितकंसं हसण्यासारखं नव्हतं. ही यादी मी सुट्टीत जमलेल्या सगळ्या भावंडांसमोर वाचून दाखवली होती. सगळे लोळून लोळून हसले. आजीही हसली. मी म्हटलं, "आजी, इस्टो नाही, स्टो म्हण." ती म्हणाली, "तेच तर म्हणत्ये रं बाळा. इस्टो." पुन्हा हशा. पण त्या दिवसानंतर तिनं तो शब्द माझ्यासमोर काढला नाही. "ती शेगडी जरा बंद कर" म्हणायची. रॉकेलच्या स्टोव्हला शेगडी! तेव्हा मला ते कळलंसुद्धा नाही. आता वही हातात घेतल्यावर कळलं.

असो. वही घेऊन ओट्यावर बसलो आणि वाचता वाचता एक गंमत लक्षात आली. आजीच्या 'चुका' वाटेल तशा नव्हत्या. त्यांचे दोन गट पडत होते. स्टोव्ह, स्टेशन, स्कूल, स्टूल या शब्दांत तिनं जोडाक्षराच्या आधी 'इ' लावला होता. ग्लास, प्लेट, ब्रेक, ट्रंक, प्रसाद या शब्दांत मात्र तिनं जोडाक्षर मधून फोडलं होतं. तिनं कधी 'सिटो' म्हटलं नाही आणि कधी 'इपलेट' म्हटलं नाही. स्क्रूमध्ये तीन व्यंजनं एकत्र आली, तर तिथं तिनं दोन्ही उपाय केले, आधी 'इ' आणि मध्ये 'उ': इस्कुरू. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला हे कुणी शिकवलं?

कॉलेजात भाषाशास्त्राचा एक पेपर होता, तेव्हाच्या गोष्टी आठवायला लागल्या. त्या इथे जमेल तशा मांडतो.

आपण बोलतो तेव्हा आवाज सारखा कमीजास्त होत असतो. तोंड उघडं, की आवाज मोठा आणि मोकळा. तोंड बंद, की आवाज अडलेला. 'आ' म्हणताना सगळ्यात मोकळा, 'प' किंवा 'ट' म्हणताना क्षणभर पूर्ण बंद. बाकीचे आवाज या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतात. तळाला क, ट, त, प, ग, ड यांसारखे अडवणारे; त्यांच्या वर स, श; मग म, न; मग ल, र; मग य, व; आणि सगळ्यात वर स्वर. ही शिडी मांडण्याचं श्रेय जर्मन पंडित एडुआर्ड सीव्हर्स (१८८१) आणि डॅनिश पंडित ओटो येस्पर्सन (१९०४) यांना देतात. या मोकळेपणाला इंग्रजीत सोनॉरिटी म्हणतात, आपण मुखरता म्हणू.

त्यांचं म्हणणं असं की शब्दातला प्रत्येक सिलॅबल, म्हणजे एका दमात उच्चारला जाणारा तुकडा, हा एक छोटा डोंगर असतो. स्वर हे त्याचं शिखर. शिखराकडे जाताना मुखरता चढत जायला हवी आणि उतरताना कमी होत जायला हवी. 'प्लेट'मध्ये प, ल, ए असा सरळ चढ आहे. 'स्टो'मध्ये मात्र स वरच्या पायरीवर, ट खालच्या, आणि मग एकदम ओ. म्हणजे चढण्याआधी एक पायरी खाली उतरायचं. डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसा उंचवटा तयार होतो. आजीनं काय केलं, तर त्या उंचवट्याला स्वतःचा डोंगर करून दिला: इस्-टो. आता दोन नीट डोंगर झाले. स पहिल्याच्या उतरणीवर, ट दुसऱ्याच्या चढणीवर.

'प्लेट' मधून फोडायचं कारण वेगळं आहे. 'प' सोडताना ओठ उघडतात आणि 'ल' सुरू होईपर्यंत नकळत एक बारीकशी फट पडते. ती फट थोडी मोठी केली की 'पिलेट'. मूळ शब्दाच्या अगदी जवळचा आवाज. स आणि ट यांच्यात अशी फट नसते. स संपता संपताच जीभ टाळूला टेकलेली असते, तिथं स्वर घुसवायला जागाच नाही. म्हणून तो आधी येतो. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. इजिप्तमधले अरबी बोलणारे लोक प्लॅस्टिकला 'बिलास्टिक' म्हणतात, पण स्टडीला 'इस्टडी'. लॅटिनमधल्या 'स्कोला'चं स्पॅनिशमध्ये 'एस्कुएला' झालं आणि पोर्तुगीजमध्ये 'एस्कोला'. गोव्यात कोकणीत शाळेला 'इस्कोल' म्हणतात ते या पोर्तुगीज शब्दावरून. म्हणजे आजीचं 'इस्कूल' बऱ्याच मोठ्या गोतावळ्यातलं निघालं. :-)

इथवर ठीक होतं. पण खरा धक्का पुढे बसला.

त्याच पेपरच्या निमित्तानं घेतलेलं प्राकृत व्याकरणाचं पुस्तक कपाटात होतं. वररुचीचा 'प्राकृतप्रकाश'. संस्कृत शब्दाचा प्राकृत शब्द कसा होतो त्याचे नियम त्यात सूत्रांत दिले आहेत. तिसरा परिच्छेद सगळा जोडाक्षरांवर आहे, आणि त्याची पहिली तीन सूत्रं अशा अर्थाची आहेत: क, ग, ड, त, द, प, ष, स हे जोडाक्षरात पहिले असतील तर जातात. म, न, य हे दुसरे असतील तर जातात. आणि ल, व, र हे पुढे असोत की मागे, कुठेही असले तरी जातात. (बाराव्या शतकात हेमचंद्रानंही हेच तीन नियम थोड्या फरकानं दिले आहेत.)

कॉलेजात हे मी पाठ केलं होतं. आज वही शेजारी ठेवून वाचलं आणि तीन याद्यांकडे बघतच राहिलो. शेवटच्या यादीतले ल, व, र हे शिडीच्या वरच्या पायऱ्यांवरचे. ते सगळ्यात कच्चे, कुणाहीपुढे हरतात. पहिल्या यादीतले जवळजवळ सगळे तळाचे. ते मधल्या आणि वरच्या लोकांपुढे सहसा हरत नाहीत. सीव्हर्सच्या कितीतरी शतकं आधी वररुचीनं शिडीचं नाव न घेता तिच्या पायऱ्या मोजून ठेवल्या होत्या!

उदाहरणानं बघू. 'चक्र' आणि 'सर्प' घ्या. एकात र मागे, दुसऱ्यात पुढे. दोन्हीकडे र गेला आणि उरलेलं व्यंजन दुप्पट झालं: चक्क, सप्प. कर्णाचा कण्ण, सूत्राचं सुत्त, रात्रीची रत्ती. 'अग्नि'मध्ये ग आणि न, न वरच्या पायरीचा, तो गेला: अग्गि. 'मूल्य'मध्ये ल आणि य, य आणखी वरचा, तो गेला: मुल्ल. आणि दोघेही तळाचेच असले तर? 'सप्त'मध्ये प आणि त एकाच पायरीवर. तेव्हा दुसरा जिंकतो: सत्त. कारण सिलॅबलमध्ये शब्द सप्-त असा तुटतो. पहिल्याच्या शेवटी आलेल्या प चे ओठ मिटतात पण उघडण्याआधीच त सुरू होतो, त्यामुळे तो अर्धवटच ऐकू येतो. त मात्र पुढच्या सिलॅबलचा दरवाजा उघडतो, तो स्पष्ट वाजतो. म्हणूनच भक्ताचं (म्हणजे शिजवलेल्या अन्नाचं) भत्त झालं, दुग्धाचं दुद्ध, मुद्गाचा मुग्ग.

आता पुढची पायरी तुम्हीच सांगू शकाल. चक्क, सप्प, कण्ण, सुत्त, रत्ती, अग्गि, मुल्ल, सत्त, भत्त, दुद्ध, मुग्ग. यांचं मराठीत झालं चाक, साप, कान, सूत, रात, आग, मोल, सात, भात, दूध, मूग. दुप्पट व्यंजनातलं एक गेलं आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांब झाला. शाळेत वृत्तं शिकताना लघु-गुरू मोजलं असेल तर लगेच दिसेल: 'सत्त'मधला स पुढच्या जोडाक्षरामुळे गुरू, आणि 'सात'मधला सा दीर्घ असल्यामुळे गुरू. वजन तेवढंच राहिलं. हा सगळा प्रवास फ्रेंच पंडित झ्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवरच्या १९२०च्या ग्रंथात शब्दाशब्दानं दाखवला आहे.

आपल्या स्वयंपाकघरातला आवडता शब्द मात्र याहून मजेदार वाटेनं आला. 'आम्र'मध्ये म आणि र. र जाऊन 'अम्म' व्हायला हवं होतं, म्हणजे आज आपण 'आम' म्हटलं असतं. पण म वरून र वर जाताना नाकाची वाट ओठ उघडण्याच्या किंचित आधी बंद झाली, की मध्ये आपोआप एक 'ब' वाजतो. म्ह‌णून बघा दोनतीनदा, भरभर: आम्र, आम्ब्र. मग त्या 'म्ब्र'मधला र नेहमीप्रमाणे गेला आणि राहिला अंब, आपला आंबा. ताम्राचं तांबं असंच झालं. वररुचीला हे वेगळं जाणवलं होतं, त्यानं या दोन शब्दांसाठी वेगळं सूत्रच करून ठेवलं आहे.

शब्दाच्या सुरुवातीला परिस्थिती आणखी बिकट. मधल्या जोडाक्षरातला एक तुकडा आधीच्या सिलॅबलला टेकवता येतो, सुरुवातीला टेकवायला आधी काहीच नाही. म्हणून प्राकृतानं तिथं सरळ एकच व्यंजन ठेवलं. ग्रामाचा गाम, मग गाव. आणि स अधिक अडवणारं व्यंजन, म्हणजे आजीला अडलेलं तेच जोडाक्षर, त्यात स गेला पण जाताना आपला श्वास मागे ठेवून गेला. स्कंधाचा खंध, मग खांदा. स्थानाचं ठाण, ज्यावरून आपलं ठाणं. मध्यभागी आला तरी तेच: हस्ताचा हत्थ. हिंदीनं त्याचा 'हाथ' करून तो श्वास जपला, मराठीनं तोही सोडला आणि 'हात' ठेवला.

आता जाणकार म्हणतील की शिडी सगळीकडे चालत नाही. बरोबर आहे. 'सर्व'चं सव्व झालं, म्हणजे र हा व पुढे हरला, आणि शिडीप्रमाणे व वरच्या पायरीवर असल्यामुळे त्यानं जायला हवं होतं. त्या काळी व म्हणताना ओठ-दात अधिक घासले जात असतील, तर तो दोनचार पायऱ्या खाली सरकतो, असं एक स्पष्टीकरण देता येतं. दुसरा अपवाद 'उष्ण'चा. इथं ष खालचा, तरी तोच बदलला. त्याचा ह होऊन तो ण च्या मागे गेला: उण्ह, आपलं ऊन. 'स्नान'चंही तसंच, ण्हाण, म्हणून आपलं न्हाणं आणि न्हाणीघर. (न्ह लिहायला जोडाक्षर, पण बोलायला ख, घ सारखा एकच श्वासाचा आवाज. म्हणून तो कुणालाच अडत नाही.) तेव्हा शिडी काय सांगते, तर कुठलं जोडाक्षर सोपं आणि कुठलं अवघड. रेघ कुठे मारायची ते ज्याची त्याची भाषा ठरवते. इंग्रजीनं स साठी खास सवलत ठेवली, संस्कृतनंही ठेवली. 'स्त्री'मध्ये तर तीन व्यंजनं आहेत आणि सुरुवातच उंचवट्यानं. आपल्या लोकगीतांतल्या बायका तिला 'अस्तुरी' म्हणतात, तो आजीच्या 'इस्कुरू'चाच प्रकार.

आणि आजीच्या तोंडाला जोडाक्षरंच जमत नव्हती असंही नाही बरं का. ती पोराला 'प्वार' म्हणायची आणि गोडाला 'ग्वाड'. शुद्ध मराठीत जिथं जोडाक्षर नाही तिथं तिनं ते स्वतः तयार केलं होतं! पण बघा, प नंतर व, ग नंतर व. तळाच्या पायरीवरून एकदम स्वराच्या खालच्या पायरीवर. सगळ्यात खडा, सगळ्यात स्वच्छ चढ. यादीत हे शब्दही आहेत, पुढे मी लाल पेनानं दोन-दोन फुल्या मारल्या आहेत.

एक प्रश्न उरतो. 'लग्न'चं आजी 'लगीन' करायची, 'जन्म'चं 'जलम', 'रत्न'चं 'रतन'. 'अग्नि'ची आग होते, 'नग्न'चा नागवा होतो, मग 'लग्न'चं 'लाग' का नाही? तर ते झालंच आहे. 'लागणे' हे क्रियापद त्याच लग्न पासून आलेलं, जुन्या वाटेनं. 'लग्न' हा शब्द नंतर पुन्हा संस्कृतातून, पोथ्यांमधून आला, जोडाक्षरासकट. आणि बाहेरून आलेल्या शब्दाला जुना उपाय चालत नाही. घरातला शब्द पिढ्यान्‌पिढ्या झिजतो, त्यात कुणी काही मुद्दाम करत नाही. पाहुणा शब्द मात्र समोरच्याच्या तोंडून ऐकून आपण म्हणायचा असतो. त्यातला आवाज गाळला तर तो ओळखू येणार नाही अशी भीती असते. मग सगळी व्यंजनं जपायची आणि आपल्याला झेपेल असा एक स्वर पदरचा घालायचा. लगीन, परसाद, पिलेट, इस्टो. यात गाळलेलं काहीच नाही, घातलेलं आहे.

हे लिहिता लिहिता पुन्हा वही चाळली. शेवटून दुसऱ्या पानावर एक शब्द होता, 'टेसन', आणि पुढे कंसात मी लिहिलं होतं, 'कधी इस्टेशन कधी टेसन, एक काय ते धड नाही'.

ते मात्र मला स्वच्छ आठवलं. आजीची धाकटी बहीण कोरेगावच्या बाजूनं यायची. दोघी ओसरीवर पाय पसरून बसल्या की आजी म्हणायची, "सांजच्याला टेसनावं गाडी येती न्हवं?" बहिणीशी टेसन. आमच्याशी, शहरातून आलेल्या नातवंडांशी, इस्टेशन. बहिणीशी बोलताना स्थानाचं ठाण करणारी जुनी वाट, स गाळून मोकळं व्हायचं. आमच्याशी बोलताना तिला तो स गाळायचा नव्हता. आमचा शब्द पुरा म्हणायचा होता, त्यातलं एकही व्यंजन न सांडता. त्यासाठी जो 'इ' लागला तो तिनं लावला, आणि नेमका त्या 'इ'लाच आम्ही हसलो.

आजी १९९४ साली गेली. वहीतली फुल्यांची पानं मी फाडलेली नाहीत, तशीच ठेवली आहेत. भावंडांपैकी कुणाला तिचे आणखी शब्द आठवत असतील तर कळवा, पुढच्या कोऱ्या पानांवर लिहून घेईन. मथळा तेवढा खोडला आहे.